मी मला उठवतो

साहित्य : एक पलंग, एक गजर, चौघांत मिळून एक न्हाणीघर, एक आरसा, दात (स्वतःचे असल्यास उत्तम), एक सदरा, कॉफीचा एक कप, घराच्या किल्ल्या आणि 'मे' हा एकाक्षरी स्पॅनिश शब्द, लागेल तेवढा. ही कृती माद्रिदमधल्या एका भाड्याच्या खोलीत रोज सकाळी करून पाहिलेली आहे. पुण्यात किंवा नाशकातही जमते, फक्त शेवटची पायरी करताना किल्ल्या खरोखर आत ठेवू नयेत.

पहिली पायरी, उठा. वाचायला सोपी आहे, पण स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस पहिला आपटतो तो इथेच. शब्दकोशात 'उठणे' शोधलं की 'लेबान्तार्से' असं सापडतं. शेवटचं 'से' हे शेपूट आहे. नवशिका ते शेपूट बिनकामाचं समजून कापतो, उरलेलं क्रियापद 'मी'साठी नीट चालवतो आणि घरमालकिणीला अभिमानाने सांगतो, "लेबान्तो आ लास सिएते." ती पुढचा शब्द येईल म्हणून थांबते. तो येत नाही. कारण तुम्ही तिला सांगितलं आहे की मी सात वाजता उचलतो. काय उचलतो, खुर्ची की पलंग, हे तुम्ही सांगितलेलंच नाही. शेपटाविना 'लेबान्तार' म्हणजे उचलणे, वर करणे, दुसऱ्याला उठवणे. उठायचं असेल तर म्हणा, "मे लेबान्तो." शब्दशः : मी मला उठवतो.

हे मराठी कानाला हास्यास्पद वाटतं. अंथरुणात पडलेला मी आणि त्याला गदागदा हलवणारा मी, अशी दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. (सोमवारी सकाळी हे वर्णन अगदी अचूक असतं, ते सोडा.) पण यात विचित्र काही नाही. आपण जोडी उलट्या बाजूने बांधतो, एवढंच. आपल्याकडे मूळ क्रियापद लहान, ते वाढवलं की प्रयोजक होतं : उठणे, उठवणे. निजणे, निजवणे. बसणे, बसवणे. स्पॅनिशमध्ये मोठं क्रियापद आधी येतं. 'लेबान्तार' उठवणे, 'आकोस्तार' निजवणे, 'सेन्तार' बसवणे, 'देस्पेर्तार' जागं करणे. लहान करायचं असेल तर ते स्वतःवरच वळवायचं. म्हणून सकाळच्या क्रियापदांसाठी एक युक्ती : मराठीत 'व' लावून होणारं रूप मनात धरा आणि त्याला 'मे' जोडा. उठवणे अधिक मला, बरोबर उठणे. आठवडाभर हा हिशेब करावा लागतो, मग जीभ आपोआप वळते.

गजर ऐकून डोळे उघडतात ते 'मे देस्पिएर्तो'. इथे 'देस्पेर्तार'मधला 'ए' फुटून 'इए' झाला. आघात त्या अक्षरावर पडला की तो फुटतो, आघात पुढे सरकला की शाबूत राहतो. म्हणून 'आम्ही जागे होतो' हे पुन्हा साधं 'नोस देस्पेर्तामोस'. आणि जागं होणं व उठणं या दोन वेगळ्या घटना आहेत हे स्पॅनिश भाषा मान्य करते. पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात किती मिनिटं घ्यायची, याबद्दल व्याकरणात नियम नाही.

आता शेपटाचे प्रकार. माणूस बदलला की तेही बदलतं : मी असेन तर 'मे', तू असशील तर 'ते', तो किंवा ती असेल तर 'से', आम्ही असू तर 'नोस', स्पेनमध्ये तुम्ही मित्रमंडळी असाल तर 'ओस', ते असतील तर पुन्हा 'से'. लॅटिन अमेरिकेत 'ओस' वापरात नाही, तिथे अनेकजणांशी बोलताना 'से'च चालतं. आदरार्थी 'उस्तेद'लाही 'से' लागतं. माझी घरमालकीण पहिला आठवडा मला विचारायची, "आ के ओरा से लेबान्ता?" आपण किती वाजता उठता? मग एके दिवशी भांडी धुण्यावरून आमचं वाजलं आणि 'से'चं 'ते' झालं. स्पॅनिशमध्ये जवळीक कधी सुरू झाली, हे असं एका अक्षरावरून कळतं.

थोडं आडवळण घेतो. लॅटिनमधून आलेलं हे 'से' आणि संस्कृतातलं 'स्व' ही एकाच जुन्या मुळाची पोरं आहेत. म्हणजे 'स्वतः' म्हणताना आणि 'से' म्हणताना आपण फार लांबच्या चुलतभावांना हाक मारत असतो. मराठीचं आत्मवाचक सर्वनाम 'आपण' मात्र 'आत्मन्'पासून प्राकृताच्या वाटेने आलं. आणि हाच 'आपण' आदराने समोरच्यालाही वापरतात, 'आपण बसावं'. 'से' आणि 'आपण', दोघांनीही स्वतःकडचं काम सांभाळून आदराची जादा नोकरी पत्करलेली आहे.

दुसरी पायरी, न्हाणीघर. चौघांत एक असल्याने दाराबाहेर रांग असते आणि रांगेत संभाषण टळत नाही. शॉवर घेणे म्हणजे 'दुचार्से', म्हणून "मे दुचो". शेपूट विसरलात तर 'दुचो', म्हणजे मी आंघोळ घालतो, आणि ऐकणारा कुत्रा कुठे आहे ते बघू लागतो. या बाबतीत मराठीला चिंता नसते, कारण आपण 'करणे' आणि 'घालणे' अशी दोन क्रियापदं वाटून घेतली आहेत. मी आंघोळ करतो, आई बाळाला आंघोळ घालते. 'बान्यार्से' हा आणखी एक शब्द सापडेल. माद्रिदमध्ये 'मे बान्यो' म्हटलं तर टबात, तलावात किंवा समुद्रात डुंबणं मनात येतं, मेक्सिकोत मात्र रोजची साधी आंघोळ हीच. बादली-तांब्याच्या आंघोळीसाठी मला माद्रिदमध्ये वेगळा शब्द सापडला नाही, तेव्हा वर्णन करावं लागतं, आणि तोवर पाणी निवतं.

रांगेत मी केलेली चूक इथे नोंदवतो, कारण ती बहुतेक सगळे करतात. मला सांगायचं होतं, मला आंघोळ करायची आहे. 'तेंगो के' म्हणजे 'मला करायचं आहे', आणि शब्दकोशात 'दुचार्से'. दोन्ही जोडून मी म्हणालो, "तेंगो के दुचार्से." शेजारच्या खोलीतला मुलगा मागे वळून पाहू लागला, कुणाला. शब्दकोशातलं 'से' हे कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यावरच्या सदऱ्यासारखं आहे. तो दाखवण्यापुरता, घरी नेताना आपल्या मापाचा घ्यायचा असतो. आंघोळ माझी, तर 'तेंगो के दुचार्मे'. 'मे' आणखी एका जागी बसू शकतो, सगळ्यांच्या पुढे : "मे तेंगो के दुचार." अर्थ तोच. मधे कुठेतरी, 'के'च्या मागेपुढे, त्याला घुसवू नका. तिथे त्याला जागा नाही.

चालवलेल्या क्रियापदाच्या आधी, न चालवलेल्याच्या मागे चिकटून, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आज्ञेत तर हा शब्द दोन्हीकडे उड्या मारतो. "लेबान्ताते!" ऊठ! इथे 'ते' मागे. "नो ते लेबान्तेस", उठू नकोस, इथे 'ते' पुढे. पहिलं वाक्य आयांच्या तोंडी ऐकू येतं, दुसरं रविवारी.

तिसरी पायरी, दात. इथे जरा वेळ थांबा, कारण या सगळ्या प्रकरणाचं मर्म ब्रशवर आहे.

मराठी माणूस दात घासतो. 'माझे दात घासतो' असं म्हणत नाही. तोंडात दुसऱ्या कुणाचे असण्याची शक्यता नसल्याने मालकी सांगायची गरज पडत नाही. पण तोच माणूस स्पॅनिश बोलू लागला की शाळेतलं इंग्रजी मधे येतं आणि तो म्हणतो, "लाबो मिस दिएन्तेस." मी माझे दात धुतो. ऐकणाऱ्याच्या मनात चित्र येतं ते कवळीचं : पेल्यातून काढून नळाखाली धरलेली. बरोबर वाक्य आहे, "मे लाबो लोस दिएन्तेस." शब्दशः : मी मला दात धुतो. 'माझे' गेलं आणि 'मला' आलं. तोंड धुतानाही तसंच, "मे लाबो ला कारा". दाढी करतानाही 'मे आफेइतो', केस विंचरताना 'मे पेइनो'.

उठण्याच्या वाक्यात 'मे' म्हणजे 'मला' हे कर्म होतं, उठवला गेलेला मीच होतो. दातांच्या वाक्यात मात्र कर्म दात आहेत. मग हा 'मे' कशासाठी? त्याच्याकडून एवढंच कळतं की धुण्याचा परिणाम कुणाच्या पदरात पडला. आई मुलाचे दात घासते तेव्हा स्पॅनिश आई 'मुलाचे' म्हणत नाही, 'ले लाबा लोस दिएन्तेस' म्हणते, त्याला दात धुते. दात तेच, घासणंही तेच, फक्त फळ कुणाला ते 'मे' किंवा 'ले' सांगतं.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला आता काहीतरी आठवायला हवं. 'पचति' आणि 'पचते' यांत स्वयंपाक एकच. पहिलं परस्मैपद, दुसऱ्यासाठी शिजवतो. दुसरं आत्मनेपद, स्वतःसाठी शिजवतो. काही धातू दोन्ही पदांत चालतात आणि क्रियेचं फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद वापरावं, हे पाणिनीने सांगून ठेवलं आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तो 'यजति', ज्याच्या घरी यज्ञ आणि ज्याला पुण्य तो 'यजते'. त्या 'यजते'चंच धातुसाधित रूप 'यजमान'. आपल्या सत्यनारायणाच्या पूजेला बसणारा माणूस चालतंबोलतं आत्मनेपद आहे. शाळेत आम्ही ही रूपं ओरडून पाठ केली होती आणि ती कशासाठी आहेत हे विचारलं नव्हतं. ते मला माद्रिदमध्ये, तोंडात फेस असताना कळलं. स्पॅनिशचं 'मे' हे संस्कृताच्या प्रत्ययातून आलेलं नाही, वंशावळ वेगळी आहे. पण प्रश्न तोच विचारलेला आहे : फळ कुणाच्या घरी?

आणि मराठीने हा प्रश्न सोडून दिला असं समजू नका. आपण तो 'घेणे' आणि 'देणे' या दोन क्रियापदांकडे सोपवला. हात धुऊन घेतो, आवरून घेतो. दार उघडून देतो, डबा भरून देतो. 'जरा आवरून घे' या वाक्यात 'घे'ला आवरण्याशी काही देणंघेणं नाही, ते आवरणं तुझ्याच खात्यावर जमा आहे एवढंच सांगतं.

चौथी पायरी, कपडे. 'पोंगो ला कामिसा' म्हटलंत तर तुम्ही सदरा कुठेतरी ठेवता आहात, आणि कुठे ते सांगायचं राहिलं आहे. अंगात घालायचा तर "मे पोंगो ला कामिसा", सदरा स्वतःवर ठेवतो. काढायचा तर 'मे कितो'. 'कपडे करणे' या अर्थी 'मे बिस्तो' आहे, 'बेस्तिर्से'पासून. इथेही आघाताखाली स्वर बदलला, पण 'ए'चा नुसता 'इ' झाला. बूट 'थापातोस' घालतानाही 'मे पोंगो', चष्मा लावतानाही 'मे पोंगो', टोपी असेल तर तीही. मराठीत सदरा घालतात, चष्मा लावतात, बांगड्या भरतात, पागोटं बांधतात. इतकं शब्दवैभव स्पॅनिश माणसाला शिकवायचं झालं तर तो नक्की आपल्यावर उलटी मार्गदर्शिका लिहील.

पाचवी पायरी, न्याहारी. इथे सावधगिरीची सूचना आहे. चार पायऱ्या नीट जमल्या की नवशिक्याला 'मे'ची चटक लागते आणि तो दिसेल त्या क्रियापदाला तो लावत सुटतो. न्याहारी करणे हे माद्रिदमध्ये साधं 'देसायुनो', 'मे' नको. काम करणं, बोलणं, गाणं, यांनाही नको. पण कॉफीला कधीकधी लागतो, आणि कधी ते पाहण्याजोगं आहे. 'तोमो काफे' म्हणजे मी कॉफी पितो, चहावाला नाही, एक सवय. 'मे तोमो उन काफे' म्हणजे एक कप कॉफी घेतो, ठरावीक, शेवटपर्यंत. आणि दोन टोस्ट फस्त केले असतील तर "मे ए कोमिदो दोस तोस्तादास", खाऊन टाकले. मोजमाप असेल, वस्तू संपली असेल, तर 'मे' शोभतो. नुसतं 'टोस्ट खातो' असं मोघम बोलताना तो लावला तर खटकतो. आपलं 'टाकणे' हेच करतं. 'मी रोज आंबे खाऊन टाकतो' असं मोघम म्हणून पाहा, तेही असंच खटकेल. 'काल चार आंबे खाऊन टाकले' म्हणा, लगेच जुळतं.

सहावी पायरी, अपघात. चांगल्या मार्गदर्शिकेत हा भाग टाळतात. मी टाळत नाही, कारण सकाळी साडेसातला स्पॅनिश 'मे' सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे.

कॉफी घेताना कप हातातून निसटला आणि फुटला. कप घरमालकिणीचा होता. 'मी कप पाडला' असं वाक्य तयार करता येतं, पण त्यातून तुम्ही मुद्दाम आपटल्याचा वास येतो. नीट म्हणायचं असेल तर, "से मे आ काईदो ला ताथा." शब्दशः उलगडून पाहा : 'ला ताथा', कप, हा कर्ता आहे. 'से' सांगतो की तो आपणहून पडला. आणि 'मे' सांगतो की हे झालं ते माझ्या बाबतीत. मराठीत : माझ्या हातून कप पडला. एकही शब्द अपराध कबूल करत नाही, पण जागेवर कोण उभा होता हेही लपवत नाही. मी हे वाक्य पहिल्यांदा चुकीचं, 'से'शिवाय, 'मे आ काईदो' असं म्हणालो आणि मालकीण कपाऐवजी माझ्याकडे पाहत राहिली, कारण त्यातून, ओढूनताणून अर्थ काढलाच तर, माझ्यावरच काहीतरी पडलं असावं असं वाटत होतं.

त्याच सकाळी टोस्टही जळला. "से मे आ केमादो ला तोस्तादा." पुन्हा जळणारा टोस्ट, आणि मी बाजूला, 'मे'मध्ये, खाली मान घालून. या वाक्यांची खूण एकच : क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, तुमच्याप्रमाणे नाही. कप एक तर 'आ काईदो', कप दोन असतील तर 'आन काईदो'. मराठीतही 'माझ्या हातून कप पडला' पण 'काचा फुटल्या', क्रियापद काचांचं ऐकतं. दोन कप फोडून 'आ' म्हणणं ही स्पॅनिश शिकणाऱ्यांची हमखास चूक आहे, आणि ती चूक करताना निदान एक कप नक्की शिल्लक राहतो असं नाही.

सातवी पायरी, निघा. 'बोय' म्हणजे जातो, त्याला कुठे ते सांगावं लागतं : 'बोय आ ला ओफिथिना', ऑफिसला जातो. 'मे बोय' म्हणजे निघतो, इथून, आत्ता. पहिल्यात पोहोचण्याचं ठिकाण महत्त्वाचं, दुसऱ्यात सोडण्याचं. आपल्याकडे 'जातो' आणि 'निघतो' अशी फाळणी आहे. (दारात 'जातो' म्हटलं की 'येतो म्हण' म्हणणारी आजी स्पेनला ठाऊक नाही.) आणि उशीर झाला असेल तर ऑफिसात सांगायला माद्रिदकर जे वाक्य वापरतात ते झोपेच्या क्रियापदाचं आहे : "मे ए दोर्मिदो." 'दोर्मिर' झोपणे, 'दोर्मिर्से' झोप लागणे. माझा डोळा लागला. 'ए दोर्मिदो' म्हणालात तर तुम्ही रात्री झोपला होता एवढंच कळेल, आणि साहेब म्हणतील, आम्हीही झोपलो होतो.

"मे बोय," असं म्हणून मी दार ओढलं. ते दार बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. खिसे चाचपले. 'याबेस' म्हणजे किल्ल्या, आपल्या 'चावी'ची सख्खी नात्यातली : 'चावी' पोर्तुगीजांकडून आली, आणि 'याबे' व पोर्तुगीजांची 'शावे' दोघी लॅटिनच्या एकाच आईच्या. हे मला जिन्यात उभं असताना आठवलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. किल्ल्या अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी. मी घंटी वाजवली आणि दारामागून येणाऱ्या चपलांच्या आवाजाला उद्देशून वाक्य मनातल्या मनात दोनदा तपासून घेतलं : से मे आन ओल्बिदादो लास याबेस. माझ्या किल्ल्या आत राहिल्या.

दार उघडलं. वाक्य बिनचूक आलं. मालकिणीने किल्ल्या हातात दिल्या, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "इ लोस थापातोस?"

आणि बूट?